क्लच पकडतो तिथे हात थांबवायचा

स्कूटरवर बरीच वर्षं फिरलेल्या माणसाला मोटारसायकल शिकताना तोल, वळण, रस्त्याचा अंदाज यातलं फारसं काही नव्याने शिकावं लागत नाही. अडतं ते गाडी जागेवरून हलवताना, पहिल्या दोन-तीन मीटरांत. आणि विरारच्या मनवेलपाड्यात राहणाऱ्याच्या वाट्याला हे दोन-तीन मीटर सारखे येतात. संध्याकाळी विरार स्टेशनहून घरी येताना शेअर रिक्षा मध्येच सवारी घ्यायला थांबते, समोरून टेम्पो घुसतो, कुणी भाजीसाठी गाडी आडवी लावतो. थांबा, निघा, पुन्हा थांबा. मी स्कूटर चालवत होते, तेव्हा हे जाणवतही नव्हतं. मग दादाने मला त्याची १२५ सीसीची मोटारसायकल शिकवली, आणि पुढे त्याच गाडीवर मी त्याच्या मुलीला शिकवलं. शिकताना आणि शिकवताना जे हाताला कळलं ते इथे मांडते आहे.

१. क्लच स्कूटरलाही असतो, तो आपल्या हातात नसतो

हे आधी समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये मागच्या चाकाच्या बाजूला एक क्लच असतो. इंजिनाचे फेरे वाढले की त्यातले शू बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि भोवतीच्या भांड्याला आतून घासू लागतात. आधी ते घसरतात, मग घट्ट बसतात, आणि तेवढ्या वेळात स्कूटर अलगद निघते. म्हणजे रेस दिली की क्लच आपोआप लागतो. त्यामुळे ‘गाडी निघते ती उजव्या हाताने’ ही गोष्ट आपल्या अंगात मुरलेली असते.

मोटारसायकलमध्ये ही कामं वेगळी केली आहेत. उजवा हात इंजिनाला फक्त जोर पुरवतो. तो जोर चाकापर्यंत कधी आणि किती जाऊ द्यायचा हे डावा हात ठरवतो. लहान मोटारसायकलचं इंजिन नुसतं चालू असताना मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतं. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडलेला असेल, तर एवढ्या फेऱ्यांवर गाडी माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी पाच-सहा किलोमीटरने जाते. पण निघताना चाक उभं असतं. उभं चाक आणि फिरतं इंजिन यांच्यातलं अंतर क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घसरत भरून काढतात. त्यांना तेवढा वेळ दिला नाही, तर जोर असल्यास गाडी उडी मारते आणि जोर नसल्यास इंजिन दाबलं जाऊन बंद पडतं. झटका बसणं आणि गाडी बंद पडणं या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: प्लेटांना घसरायला पुरेसा वेळ मिळालेला नसतो.

२. आधी क्लचची वायर बघा, मग हाताला दोष द्या

शिकाऊ माणसाच्या हातात नेहमी घरातली जुनी गाडी येते. तिचा क्लच ठीक नसेल, तर पकडण्याची जागा सापडणारच नाही. इंजिन बंद ठेवून क्लचचा लिव्हर बोटांनी हलकेच दाबून बघा. सुरुवातीला तो थोडा मोकळा हलला पाहिजे आणि मग वायरचा ताण लागला पाहिजे. बहुतेक लहान मोटारसायकलींत ही मोकळीक लिव्हरच्या टोकापाशी १० ते २० मिलिमीटर सांगितलेली असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत असतो.

मोकळीक अजिबात नसेल तर क्लच पूर्ण बसत नाही. रेस वाढते पण गाडीला ओढ येत नाही. मोकळीक फार असेल तर उलटं होतं. क्लच पूर्ण दाबूनही गाडी पहिल्या गिअरमध्ये पुढे सरकत राहते, न्यूट्रल सापडत नाही आणि गिअर टाकताना खट्कन आवाज येतो. थोडा फरक लिव्हरजवळच्या किंवा खाली इंजिनापाशी असलेल्या ॲडजस्टरने निघतो. वायर कोरडी झाली असेल किंवा आतून तुटत आली असेल तर लिव्हर अडखळत परत येतो. तशा लिव्हरवर बारीक हालचाल शिकता येत नाही. वायर बदलून घ्यावी, हा खर्च मोठा नसतो.

इथेच तेलाचंही सांगते, कारण स्कूटर असलेल्या घरात हे हमखास घडू शकतं. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्या तेलात बुडालेला असतो, स्कूटरचा कोरडा. म्हणून दोघींची तेलं वेगळी येतात. डब्यावर जपानी मानकाची खूण असते, मोटारसायकलसाठी जासो एमए आणि स्कूटरसाठी जासो एमबी. एमबी तेल जास्त निसरडं असतं. स्कूटरचा उरलेला डबा मोटारसायकलमध्ये ओतला तर प्लेटा घसरायला लागण्याची शक्यता असते.

३. रेसला हात न लावता जागा शोधा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

बरेच जण गाडी मेन स्टँडवर घेऊन, गिअर टाकून, क्लच सोडत ‘चाक कधी फिरतं बघ’ असं शिकवतात. त्याने फसगत होते. क्लच तेलात असल्यामुळे तो पूर्ण दाबलेला असतानाही तेलाच्या ओढीने अधांतरी चाक हळूहळू फिरत राहतं. ते फिरणं म्हणजे क्लचचं पकडणं नव्हे. चाकावर गाडीचा आणि आपला भार असतानाच खरी जागा कळते.

त्यासाठी सपाट, रिकामी जागा हवी. आमच्याकडे रविवारी पहाटे मनवेलपाडा तलावाच्या बाजूच्या गल्ल्या मोकळ्या असतात, सोसायटीचं आवारही चालतं. गाडी पाच मिनिटं तापू द्या, कारण थंड इंजिन मुळातच कमी जोरावर बंद पडतं. साइड स्टँड वर आहे ना ते बघा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन आपोआप बंद होतं, आणि नवा माणूस समजतो की क्लच चुकला.

दोन्ही पाय जमिनीवर ठेवा. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका. उजवा हात मुठीवर नुसता टेकलेला राहू द्या. आता डाव्या तळव्याचा मऊ भाग मुठीला घट्ट ठेवून फक्त बोटं उघडत जा. मनगट हलवायचं नाही. अख्खा हात मुठीवरून सुटत गेला की हालचाल मोठी होते आणि जागा ओलांडून जाते. सुरुवातीला काहीच होत नाही. मग एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो. त्याच क्षणी मांड्यांना गाडीची पुढे ओढ जाणवते. तिथे थांबा. बोटं तशीच धरून ठेवा. गाडी वीतभर पुढे सरकली की क्लच पुन्हा दाबा, पायांनी गाडी मागे घ्या, परत करा.

ही जागा एखाद्या रेषेसारखी बारीक नसते, तिला थोडी रुंदी असते. तिच्या सुरुवातीला गाडी फक्त ओढ घेते, शेवटाला ती पूर्ण जोडलेली असते. या दोहोंमध्ये लिव्हरची हालचाल अगदी थोडी असते. बोटांना शिकायचं आहे ते हे की जागेपर्यंत पटकन यायचं आणि जागेत शिरल्यावर हळू व्हायचं. बहुतेक जण आधी उगाच हळू सोडतात आणि नेमकं पकडायला लागल्यावर एकदम सोडून देतात.

दादा मला म्हणायचा, “लिव्हरकडे बघू नकोस, आवाज ऐक.” ते खरंच उपयोगी पडलं. नजर लांब समोर ठेवली की आवाजातला बदल आधी कळतो. अशा रीतीने नुसत्या क्लचवर, रेस न देता, गाडी चालीच्या वेगाने निघायला लागली की जागा सापडली असं समजा. काही गाड्या रेस न देता निघताना कुरकुरतात, तिथे अगदी किंचित रेस चालेल. सलग हा सराव केला की प्लेटा तापतात, म्हणून मधूनमधून न्यूट्रलमध्ये थांबा. हातही दुखून येतो. दुखऱ्या बोटांना बारीक फरक कळत नाही.

४. रेस थोडी द्या आणि धरून ठेवा

रस्त्यावर नुसत्या क्लचवर निघणं पुरत नाही, कारण मागे माणूस असतो, खड्डा असतो, चढ असतो. मग रेस द्यावी लागते. इथे स्कूटरची सवय आडवी येते. गाडी निघत नाही असं वाटलं की उजवी मूठ आपसूक आणखी पिळली जाते. स्कूटरवर ते बरोबर होतं. इथे क्लच दाबलेला असताना इंजिन नुसतं ओरडतं, माणूस बावरून डावा हात सोडतो, आणि साठलेला सगळा जोर एकदम चाकावर येतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी रेस थोडी वाढवा, आवाज नुसत्या चालूपेक्षा जरा वर उठेल इतकीच. ज्या गाडीला फेऱ्यांचा काटा आहे तिथे २००० च्या आसपास पुरतं. मग उजवा हात तिथेच गोठवा. आता डावा हात त्या जागेवर आणा आणि तिथे थांबा. आवाज थोडा खाली येईल, गाडी निघेल. साधारण एक गाडीभर अंतर जाईपर्यंत बोटं थांबलेलीच हवीत. मग उरलेला क्लच सावकाश सोडा, आणि तो पूर्ण सुटल्यावर रेस वाढवा.

काय बिघडलं ते आवाजावरून ओळखता येतं. आवाज चढत गेला आणि गाडी जागेवरच राहिली, तर रेस जास्त आहे आणि बोटं जागेपर्यंत आलेली नाहीत. आवाज खोल गेला, गाडी थरथरली, तर बोटं पुढे गेली आहेत आणि रेस कमी आहे. त्या थरथरीला क्लच जरासा आत घेतला की इंजिन सावरतं, गाडी बंद पडत नाही. निघाली खरी पण मग झटका बसला, तर बोटं शेवटच्या टप्प्यात सुटली आहेत. सगळं नीट वाटूनही गाडी मंद निघते आणि गुदमरते, तेव्हा खाली बघा. न्यूट्रलमधून पहिल्याऐवजी दुसरा गिअर पडलेला असतो. गिअरची रचना सगळ्या गाड्यांत सारखी नसते. काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात, काही १०० सीसीच्या गाड्यांत सगळेच गिअर पायाने पुढे दाबून पडतात. आपली कोणती ते निघण्याआधी पाठ हवं.

५. डावा हात आता ब्रेक नाही

आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न आला नाही. १९७२ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीहून निघालेल्या बजाज चेतकला डाव्या हाताला क्लच होता, त्याच मुठीत गिअर होते आणि मागचा ब्रेक पायात होता. चेतकवरून मोटारसायकलवर येणाऱ्याला क्लच शिकवावा लागत नसे. बिनगिअरच्या स्कूटरी घरोघरी आल्यावर डाव्या हातात मागचा ब्रेक आला. हल्लीच्या बऱ्याच स्कूटरींत तर तोच लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. त्या लिव्हरवर आपला विश्वास बसलेला असतो.

मोटारसायकलवर अचानक कुत्रं आडवं आलं आणि डावा हात आवळला, तर ब्रेक लागत नाही. उलट इंजिनाची रोखही सुटते आणि गाडी मोकळी धावत राहते. म्हणून निघणं शिकण्याच्या पहिल्याच सकाळी थांबणंही शिका. चालीच्या वेगाने जा, उजव्या पायाने मागचा ब्रेक आणि उजव्या हाताने पुढचा असा दोन्ही हळू दाबा, आणि गाडी थांबत आल्यावर क्लच आत घ्या. ब्रेक आधी, क्लच नंतर. उजवा पाय ब्रेकच्या पॅडलवर सहज जातो का ते गाडी उभी असतानाच बघून घ्या. चपलेवर शिकू नका.

डावा हात आवळण्याच्या याच सवयीचा एक फायदाही आहे. निघताना गाडीने उडी घेतलीच, तर डावा हात आवळणं हेच बरोबर उत्तर आहे. क्लच दाबला की चाकाचा जोर त्याच क्षणी तुटतो. मी भाचीला सांगितलं होतं, “काही सुचलं नाही तर डावा हात दाब आणि उजवा पाय दाब.” हे दोन एकत्र बसले की बाकीचं शिकायला मोकळीक मिळते.

६. चढावर उजवा पाय सगळ्यात शेवटी उचला

विरारच्या पूर्व-पश्चिम पुलावर गर्दीत थांबलं की स्कूटरवाला डाव्या लिव्हरने गाडी धरतो आणि रेस देऊन निघतो. मोटारसायकलवर डावा हात क्लचला गुंतलेला असतो. पुढच्या ब्रेकने धरायचं म्हटलं तर उजव्याच हाताने ब्रेक सोडत रेस द्यावी लागते, आणि ते नव्या माणसाला जड जातं. म्हणून धरायचं काम उजव्या पायाला द्या.

भाचीला हे मी आमच्या सोसायटीच्या उतारावर शिकवलं, आणि पहिल्यांदा खरं वापरायची वेळ पुलावर आली. मी मागे बसले होते. पुढे बस, मागे चिकटून रिक्षा. ती घाबरून म्हणाली, “आत्या, मागे जाईल गं!” मी म्हटलं, “पाय ब्रेकवर आहे ना? मग नाही जाणार. आता आवाज ऐक.” डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर, पहिला गिअर. तिने सपाट रस्त्यापेक्षा जरा जास्त रेस दिली आणि धरून ठेवली. बोटं जागेवर आणली. आवाज खाली बसला, गाडीची मागची बाजू किंचित दबली. गाडी ब्रेकविरुद्ध पुढे ढकलू पाहत होती. ही खूण महत्त्वाची. ती दिसेपर्यंत पाय उचलायचा नाही. “आता पाय हळूच सोड, बोटं नको.” ब्रेक सुटला आणि गाडी तसूभरही मागे न जाता पुढे निघाली.

मागे माणूस बसला म्हणून लिव्हरवरची जागा बदलत नाही. बदलतो तो तिथे थांबण्याचा वेळ आणि रेस. भार जास्त, चढ जास्त, तर दोन्ही जास्त. पण चढावर गाडी ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर तोलून धरू नका. बरेच अनुभवी लोक हे करतात. प्लेटा त्यानेच जळतात.

७. गर्दीत हाफ क्लच किती

प्लेटा तेलात असल्यामुळे निघतानाचं थोडं घसरणं त्यांना सोसतं, ते त्यांचं कामच आहे. मिनिटामागून मिनिट घसरत राहणं सोसत नाही. मनवेलपाड्याच्या संध्याकाळच्या रांगेत मी असं करते: पुढे दोन गाड्यांइतकी जागा झाल्याशिवाय निघत नाही. निघाल्यावर क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरमध्ये चालीच्या वेगाने जाऊ देते. त्याहून हळू जायचं असेल तेव्हाच क्लच थोडा आत घेते आणि मागच्या ब्रेकवर पाय हलका टेकवते, त्याने गाडी डुलत नाही. रांग थांबलीच तर न्यूट्रल. बोटं लिव्हरवर उगाच टेकवून ठेवत नाही, कारण तेवढ्या दाबानेही क्लच पूर्ण बसत नाही.

जळका वास आला, रेस वाढूनही वेग वाढेना, किंवा रोजची पकडण्याची जागा सरकली असं वाटलं, तर आधी दुसऱ्या मुद्द्यातली मोकळीक तपासा. मोकळीक बरोबर असूनही गाडी ओढत नसेल, तर प्लेटा मेकॅनिकला दाखवा.

आणि रस्त्यावर जाण्याआधी आपलं लायसन्स काढून बघा. मोटर वाहन कायदा, १९८८ बिनगिअरची आणि गिअरची मोटारसायकल हे दोन वेगळे वर्ग मानतो. लायसन्सवर फक्त बिनगिअरचा वर्ग असेल, तर स्कूटर कितीही वर्षं चालवलेली असली तरी गिअरची गाडी चालवायची परवानगी नाही. गिअरच्या वर्गाचं शिकाऊ लायसन्स काढा, गाडीला पुढे-मागे ‘एल’ लावा, आणि ३० दिवस झाल्यावर आरटीओत चाचणी द्या. तोवर सराव करायला पुरेसा वेळ मिळतो.